पहिल्या पगारातून एसआयपी : नव्या मुलांना नेमके काय सांगावे?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या मनुष्यबळ विभागात काम करते. या महिन्यात आमच्याकडे आयटीआय आणि डिप्लोमा झालेली वीस-पंचवीस मुले-मुली रुजू झाली आहेत. पहिल्या पगारापासून दरमहा गुंतवणूक कशी सुरू करावी, यावर त्यांच्यासमोर वीस मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एका ओळखीच्या म्युच्युअल फंड वितरकाने मला तयार स्लाइड्स दिल्या आहेत. त्यात दरमहा 3,000 रुपये भरले तर तीस वर्षांनी कोटी रुपये होतात, असे दाखवले आहे. कार्यक्रमानंतर तिथेच फॉर्म भरून घेण्याचीही त्यांची तयारी आहे. मला यातले फारसे कळत नाही. मुलांना चुकीचे काही सांगितले जाऊ नये, एवढीच इच्छा आहे. काय बोलावे, काय टाळावे?

— एक मनुष्यबळ अधिकारी, कोल्हापूर

उत्तर

स. न.

कोटी रुपयांची स्लाइड तुम्ही दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातले गणित चूक नाही. दरमहा 3,000 रुपये तीस वर्षे भरले आणि वर्षाला सरासरी 12 टक्के परतावा मिळाला, तर सुमारे 1 कोटी 5 लाख रुपये होतात, हे खरे आहे. परंतु 12 टक्क्यांची हमी कोणीही देऊ शकत नाही. शिवाय महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर तीस वर्षांनंतरच्या त्या रकमेत आजच्या सुमारे 18 लाख रुपयांइतकीच खरेदी होईल, हे त्या स्लाइडवर लिहिलेले नसते. आणि मुख्य म्हणजे, हातात 20,000 रुपये पडणाऱ्या मुलाने ती स्लाइड पाहून पहिल्याच महिन्यात 3,000 चा हप्ता लावला, तर तो वर्षभरही टिकण्याची शक्यता कमी असते. म्हणून तुमची वीस मिनिटे तीस वर्षांवर खर्च करू नका, पहिल्या बारा महिन्यांवर करा. हप्ता किती असावा, कोणत्या तारखेला जावा, कोणत्या खात्यातून जावा आणि तो का बंद पडतो, एवढे त्या मुलांना नीट समजले तरी तुमचे काम झाले.

भाषणाची सुरुवात पगारपत्रकापासून करा. या मुलांनी नियुक्तीपत्रावरचा आकडा पाहिलेला असतो आणि घरीही तोच सांगितलेला असतो. खात्यात जमा होणारी रक्कम वेगळी असते, आणि गुंतवणुकीचा विचार त्या दुसऱ्या रकमेवरच करायचा असतो. फळ्यावर एक उदाहरण मांडा. समजा, एका मुलाचा एकूण पगार 22,000 रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन 15,000 आहे. मूळ वेतनाच्या 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये भविष्य निर्वाह निधीसाठी कापले जातात, 200 रुपये व्यवसाय कर जातो आणि 20,000 रुपये हातात येतात. (मुलींना दरमहा 25,000 पर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर लागत नाही, त्यामुळे त्यांच्या हातात 200 रुपये जास्त येतील. फेब्रुवारीत मुलांचे 300 कापले जातात, तेव्हा कोणी विचारले तर उत्तर तयार ठेवा.)

येथे थोडे थांबून पीएफबद्दल सांगा, कारण बहुतेक मुले त्याकडे केवळ कपात म्हणून पाहतात. या उदाहरणात कंपनीसुद्धा स्वतःचे 1,800 रुपये भरते. त्यांतले सुमारे 1,250 निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले 550 मुलाच्या पीएफ खात्यात येतात. म्हणजे त्याने काहीही न करता त्याच्या नावावर दरमहा 2,350 रुपये साठू लागलेले असतात, आणि त्यावर 2024-25 या वर्षासाठी 8.25 टक्के व्याज जाहीर झाले होते. ही माहिती पुढच्या निर्णयाला उपयोगी पडते. स्थिर व्याज देणारी दीर्घ मुदतीची बचत आधीच सुरू असल्यामुळे स्वतःहून सुरू करायचा छोटा हप्ता समभागांच्या फंडात टाकण्याची मोकळीक त्या मुलाला मिळते. मात्र, तुमच्या सभागृहातील काही मुले अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेली असतील, तर त्यांना विद्यावेतन मिळते आणि पीएफ लागू नसतो. त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर शेजारी बसलेल्याचे पगारपत्रक पाहून त्यांचा गैरसमज होईल.

आता 20,000 चा खर्च मांडा. हा मुलगा कागलजवळच्या गावाहून रोज मोटारसायकलने येतो असे धरू. घरी आईकडे 7,000 देतो, गाडीचा हप्ता 3,100 आहे, पेट्रोलला 2,200 लागतात, मोबाइल आणि नाश्ता-चहा मिळून 1,800 होतात, आणि कपडे, मित्र, यात्रा-जत्रा यांवर सरासरी 2,400 जातात. एकूण 16,500 झाले आणि 3,500 उरले. पुढे काय करावे, हे लगेच सांगू नका. आधी मुलांनाच विचारा की यांतले किती गुंतवावेत. बरेचसे हात 3,000 ला वर होतील, कारण शिल्लक तेवढी दिसते आहे. याच ठिकाणी तुम्हाला त्यांना थांबवायचे आहे.

पहिले कारण असे की, पहिला पगार बहुधा पूर्ण नसतो. महिन्याच्या मध्यावर रुजू झालेल्याला अर्ध्या महिन्याचाच पगार मिळतो. दुसरे कारण ओव्हरटाइम. फाउंड्रीत ऑर्डर जोरात असताना ओव्हरटाइमचे दोन-तीन हजार सहज वाढतात आणि मुले ती रक्कम पगारातच धरू लागतात. नंतर ऑर्डर कमी झाली की हातातली रक्कम खाली येते, पण लावलेला हप्ता तेवढाच राहतो. म्हणून हप्ता ठरवताना ओव्हरटाइम शून्य धरायचा, हा नियम आग्रहाने सांगा. ओव्हरटाइमचे पैसे आले तर ते अडचणीच्या निधीत टाकता येतात, पण त्यांच्या भरवशावर दरमहाचे बंधन घालून घेऊ नये.

तिसरे कारण म्हणजे हाच अडचणीचा निधी. घर, गाडीचा हप्ता, पेट्रोल आणि मोबाइल-नाश्ता हे न टाळता येणारे खर्च मिळून महिन्याला 14,100 होतात. तीन महिन्यांचे 42,300 झाले. तेवढी रक्कम बाजूला नसताना वडिलांचे आजारपण आले किंवा प्रशिक्षणाच्या मुदतीनंतर नोकरी कायम झाली नाही, तर फंडातले पैसे काढावे लागतात, आणि नेमका तेव्हा बाजार खाली असेल तर तोटा पक्का होतो. म्हणून उरलेल्या 3,500 ची माझी विभागणी अशी राहील : 2,500 रुपये बँकेच्या आवर्त ठेवीत, 500 रुपये एसआयपीत म्हणजे म्युच्युअल फंडाच्या दरमहाच्या हप्त्यात, आणि 500 रुपये खात्यात तसेच पडून. या वेगाने 42,300 जमायला सुमारे सतरा महिने लागतात. दिवाळीच्या बोनसमधले काही त्यात घातले तर वेळ आणखी कमी होईल.

आवर्त ठेव कोठे, हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जाणारच. गावोगावी पतसंस्था आहेत, त्यांचे प्रतिनिधी दारात येतात आणि व्याजही बँकेपेक्षा जास्त देऊ करतात. एक फरक मुलांना माहीत असला पाहिजे. बँकेतल्या ठेवींना, मग ती राष्ट्रीयीकृत बँक असो, जिल्हा मध्यवर्ती बँक असो वा नागरी सहकारी बँक, एका बँकेत एका ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. अनेक पतसंस्था चोख चालतात, हे मी नाकारत नाही. पण अडचणीचा निधी ज्या दिवशी हवा त्या दिवशी हातात आला पाहिजे, आणि त्यासाठी अर्ध्या-एक टक्क्याच्या जास्त व्याजाचा मोह मला योग्य वाटत नाही.

खात्यात पडून राहणाऱ्या 500 रुपयांवर मुलांना प्रश्न पडेल, आणि माझ्या मते तुमच्या भाषणातला सर्वांत उपयोगी भाग येथून सुरू होतो.

एसआयपी सुरू करताना आपण बँकेला एक आदेश देतो की ठरलेल्या तारखेला माझ्या खात्यातून इतके पैसे फंडाकडे जाऊ द्यावेत. याला मँडेट म्हणतात. तो नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारच्या साहाय्याने ई-नॅच म्हणून नोंदवता येतो, किंवा यूपीआय ऑटोपेने. मँडेटवर कमाल मर्यादा लिहिलेली असते आणि ती हप्त्यापेक्षा बरीच मोठी असू शकते. 500 च्या एसआयपीसाठी 5,000 चे मँडेट पाहून मुले घाबरतात. जाणारी रक्कम हप्त्याएवढीच असते, पुढे हप्ता वाढवताना पुन्हा नवे मँडेट करावे लागू नये म्हणून मर्यादा मोठी ठेवतात, एवढे सांगितले की शंका फिटते.

ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर हप्ता परत जातो. फंड घराणे त्याबद्दल दंड आकारत नाही, पण बँक आकारू शकते. हा आकार प्रत्येक बँकेचा वेगळा असतो आणि तो आपल्या बँकेच्या शुल्कपत्रकात पाहावा. समजा, तो 250 रुपये आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 295 रुपये झाले. सलग दोन महिने हप्ता परत गेला तर 590 रुपये गेले, म्हणजे 500 रुपये गुंतवण्याच्या नादात गुंतवणूक शून्य आणि खर्च हप्त्याहून जास्त. दरमहाच्या एसआयपीचे सलग तीन हप्ते परत गेले की फंड घराणे ती एसआयपी बंद करते. आधी गुंतवलेले पैसे मात्र बुडत नाहीत, ते फंडात तसेच राहतात. हे वाक्य मुद्दाम म्हणा, कारण एसआयपी बंद झाली म्हणजे पैसे गेले असे समजून पुन्हा त्या वाटेला न जाणारे बरेच जण असतात.

हे सारे बहुतेक वेळा चुकीच्या तारखेमुळे घडते. फॉर्म भरताना 1 किंवा 5 तारीख आधीच निवडलेली असते आणि कोणी ती बदलत नाही. तुमच्याकडे पगार 7 तारखेला होत असेल, तर 5 तारखेचा हप्ता मागच्या महिन्याच्या उरल्यासुरल्या पैशांवर अवलंबून राहतो. रविवार, सण किंवा बँकेची सुट्टी यांमुळे पगार कधीतरी एखादा दिवस मागेपुढे होतो, हेही लक्षात घ्या. आधी पगार, मग गाडीचा हप्ता, मग आवर्त ठेव आणि शेवटी एसआयपी, असा क्रम असावा. पगार 7 ला असेल आणि गाडीचा हप्ता 10 ला, तर एसआयपी 12 ला लावावी. गाडीचा हप्ता आधी का, हेही सांगा : कर्जाचा हप्ता चुकला तर दंडाबरोबर सिबिलच्या नोंदीवरही परिणाम होतो आणि तो पुढे घरकर्जाच्या वेळी आडवा येतो. एसआयपीचा हप्ता चुकल्याने तसे होत नाही. खात्यात ठेवलेले 500 रुपये हे या तारखांच्या मागेपुढे होण्यासाठीच आहेत. दरमहा ते साठत गेले की तीन-चार महिन्यांत एखाद्या कमी पगाराच्या महिन्यातही काही परत जाणार नाही.

पहिल्या महिन्यात एसआयपी सुरूच करू नये, असे मी म्हणेन. पहिल्या पगारातून फक्त आवर्त ठेव सुरू करावी, आणि तो महिना केवायसी पूर्ण करण्यासाठी वापरावा. त्यात अडचणी येतात त्या नावाच्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचे नाव अर्धवट, आणि बँकेत आणखी वेगळे स्पेलिंग, हे आपल्याकडे नेहमीचे आहे. पॅन आधारशी जोडलेले हवे आणि दोन्हींवर नाव व जन्मतारीख जुळलेली हवी. हे जुळले नाही तर केवायसी अडकते. मोबाइल क्रमांक किंवा ईमेलची खातरजमा झाली नाही तरीही ती अडकते, आणि दुकानातून दुसऱ्याचा ईमेल टाकून काढलेल्या पॅनमुळे असे घडते. तुमच्याकडे रुजू होताना ही कागदपत्रे येतातच, तेव्हा कोणाच्या नावात फरक आहे ते तुमच्या विभागाने त्यांना आधीच दाखवून दिले तर मोठे काम होईल. पीएफसाठीही तीच नावे जुळावी लागतात.

दुसऱ्या पगारानंतर 500 चा पहिला हप्ता गेला की मुलांना काय दिसेल, ते फळ्यावर लिहून दाखवा, कारण येथे पाहिल्याशिवाय समजत नाही. समजा, त्या दिवशी फंडाच्या एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, 25 रुपये आहे. 500 ला 20 युनिट मिळायला हवीत, पण खातेउताऱ्यात 19.999 दिसतील. 0.005 टक्के मुद्रांक शुल्क आधी कापले जाते, म्हणून 499.98 रुपयांचीच युनिट येतात. पुढच्या महिन्यात बाजार पडला आणि एनएव्ही 20 झाली, तर त्याच पैशांत 24.999 युनिट येतील. आता 1,000 रुपये घालून जवळजवळ 45 युनिट झाली आणि 20 च्या भावाने त्यांची किंमत 900 दिसते. ॲपवर लाल अक्षरांत उणे 10 टक्के लिहिलेले असेल. बहुतेक मुले येथे घाबरतात. एनएव्ही पुन्हा 25 झाली तर याच 45 युनिटांचे 1,125 होतात, हे पुढच्या ओळीत लिहा. पण त्याखाली हेही लिहा की भाव 25 ला कधी परत येईल हे कोणालाच माहीत नसते, आणि तो बराच काळ खालीही राहू शकतो. निफ्टी 50 हा निर्देशांक 14 जानेवारी 2020 ते 23 मार्च 2020 या सव्वादोन महिन्यांत सुमारे 38 टक्के पडला होता. त्यानंतर तो सावरला, पण ज्याला त्या मार्चमध्येच पैसे काढावे लागले त्याला सावरण्याचा काही उपयोग झाला नाही. अडचणीचा निधी आधी का, याचे उत्तर तुम्हाला येथे पुन्हा एकदा देता येईल.

500 ने काय होणार, असे कोणीतरी नक्की विचारेल. खरे उत्तर द्या. वर्षभरात 6,000 भरले जातील आणि 12 टक्के परतावा धरला तरी साधारण 6,400 होतील, म्हणजे 400 रुपयांचा फरक. उलट बाजार पडला आणि किंमत 5,000 दिसू लागली, तर 1,000 रुपयांचा तोटा दिसेल. पहिल्या वर्षी या रकमेतून कमाई अपेक्षितच नाही. आपले पैसे उणे झालेले पाहून आपण हप्ता बंद करतो की चालू ठेवतो, हे स्वतःबद्दल कळण्यासाठी 1,000 रुपयांचा दिसणारा तोटा परवडतो, 30,000 चा परवडत नाही. 42,300 चा निधी पूर्ण झाला की आवर्त ठेवीचे 2,500 मोकळे होतात, आणि तेव्हा हप्ता 500 वरून 3,000 करता येतो. तोपर्यंत नोकरीही बहुधा कायम झालेली असेल. कोटीच्या स्लाइडवरचा 3,000 चा हप्ता असा दीड वर्षाने येतो, आणि टिकण्यासारख्या स्थितीत येतो.

फंड कोणता, याबद्दल तुम्ही कंपनीच्या व्यासपीठावरून एकाही योजनेचे नाव घेऊ नये. सल्ला देण्यासाठी सेबीकडे नोंदणी लागते, आणि तुमचे बोलणे मुलांना कंपनीची शिफारस वाटेल. प्रकार सांगायला मात्र हरकत नाही. पहिल्या फंडासाठी निफ्टी 50 सारख्या निर्देशांकावर आधारलेला, कमी खर्चाचा इंडेक्स फंड समजायला सोपा आहे, कारण त्यात कोणते समभाग आहेत ते उघड असते आणि फंड व्यवस्थापकाच्या निवडीवर काही अवलंबून नसते. नफा वाटून न देता फंडातच ठेवणारा ग्रोथ हा पर्याय निवडावा. डायरेक्ट आणि रेग्युलर हा फरक सांगावाच लागेल : रेग्युलर योजनेत वितरकाचे कमिशन योजनेच्या खर्चातून दरवर्षी जाते, डायरेक्टमध्ये जात नाही, म्हणून त्याच फंडाच्या डायरेक्ट योजनेचा खर्च कमी असतो. कागदपत्रे करून देणारा, बाजार पडल्यावर फोन उचलून धीर देणारा वितरक असेल तर त्याचे कमिशन वाया जात नाही, असे मला वाटते. पण ते आपण देत आहोत हे मुलाला माहीत असले पाहिजे आणि निवड त्याची असली पाहिजे.

म्हणूनच कार्यक्रमानंतर तिथेच फॉर्म भरून घेण्यास मी नकार देईन. ते वितरक चांगले असतील, तरीही वरिष्ठांसमोर, नव्या नोकरीत, शेजारचा भरतो आहे म्हणून भरलेल्या फॉर्मवरची तारीख आणि रक्कम मुलाने विचार करून ठरवलेली नसते. त्यांना पुढे कधीतरी, इच्छा असलेल्या मुलांसाठी, कामाच्या वेळेबाहेर बोलवा.

तसेही या मुलांकडे दुसरे लोक पोहोचणारच आहेत. पगार खाते उघडायला येणारा बँकेचा प्रतिनिधी त्याच बैठकीत विमा पॉलिसी पुढे करतो, आणि घरातले एखादे काका-मामा एजंट असतात. त्यांचा ठरलेला मुद्दा म्हणजे कर वाचतो. 22,000 च्या पगारावर नव्या करप्रणालीत कर लागतच नाही, आणि जुन्या प्रणालीतली 80सीची वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही. म्हणजे जो कर भरायचाच नाही तो वाचवण्यासाठी वर्षाला वीस-पंचवीस हजारांचा हप्ता पंधरा-वीस वर्षांसाठी गळ्यात पडतो, आणि दोन-तीन वर्षांत सोडला तर भरलेल्यातले बरेच हातचे जाते. कोणी नुकतीच अशी पॉलिसी घेतली असेल, तर ती हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत परत करता येते, हे जरूर सांगा. दरमहा ठरावीक टक्के नक्की देतो म्हणणाऱ्या योजनांची आपल्या जिल्ह्याला चांगली ओळख आहे. त्यांच्याबद्दल एकच ओळ पुरे : दरमहा परताव्याची हमी देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारायचा, तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासायचा, आणि तोपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. कारखान्यातल्या भिशीबद्दल मुले विचारतील. भिशी ओळखीवर चालते आणि अडीनडीला उपयोगी पडते, पण एखादा सभासद नोकरी सोडून गेला की पैसे मागायला कोठे जायचे हा प्रश्न उरतो, म्हणून ती अडचणीच्या निधीची जागा घेऊ शकत नाही. भिशीत भाग घ्यायचाच असेल तर तिची रक्कम 2,400 च्या मौजेच्या खर्चातून द्यावी.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला मनुष्यबळ विभागातून नेहमी दिसत असेल. यांतली बरीच मुले दोन वर्षांत दुसऱ्या कंपनीत जातील. नव्या कंपनीत नव्या बँकेत पगार खाते निघते, जुने खाते रिकामे होते आणि त्याच्याशी जोडलेले मँडेट तसेच राहते. पुढचे तीन महिने हप्ते परत जातात, जुन्या खात्यावर दंड चढतो आणि एसआयपी बंद पडते, आणि मुलाला ते कळते तेव्हा सहा महिने उलटलेले असतात. पगार जमा होणे बंद झाले की त्या खात्यावर किमान शिलकेची अटही लागू होऊ शकते. म्हणून राजीनाम्याच्या वेळी तुम्ही जो ना-देय दाखल्याचा फॉर्म भरून घेता, त्यावर दोन ओळी वाढवा : पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर नव्या कंपनीकडे वळवा, आणि जुन्या खात्यावरचे मँडेट नव्या खात्यावर बदलून मगच जुने खाते रिकामे करा. पाच वर्षे सलग सेवा होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, हेही तिथे लिहिता येईल.

वीस मिनिटांत हे सगळे मावणार नाही. पगारपत्रक, 3,500 ची विभागणी, तारखांचा क्रम आणि फळ्यावरची 45 युनिट एवढेच बोला, बाकीचे प्रश्न आले तर सांगा. केवायसीची नावे आणि राजीनाम्याच्या वेळच्या सूचना एका पानावर छापून द्या. आणि जमल्यास चौथ्या पगाराच्या आधी याच मुलांना पुन्हा दहा मिनिटे बोलवून प्रत्येकाला आपले बँक पासबुक आणि फंडाचा खातेउतारा स्वतःपुरता शेजारी शेजारी ठेवून पाहायला सांगा. हप्ता परत गेल्याची नोंद ज्याला दिसेल, त्याने त्याच दिवशी तारीख बदलून घ्यावी, कारण तिसरा हप्ता परत जाण्याआधी हे झाले तर एसआयपी चालू राहते.